मदत हवी आहे: हक्कभंगात सर्चलाइट धरायचा की केशव सिंग?

शेवटची_लोकल: परवा मूट कोर्ट स्पर्धेचं लेखी मेमोरियल द्यायचंय. सुप्रीम कोर्टाचा सर्चलाइट निकाल (१९५९) म्हणतो, विधानसभेला विशेषाधिकार देणाऱ्या कलम १९४(३) पुढे मूलभूत हक्क चालत नाहीत. त्याच कोर्टाचा केशव सिंग निकाल (१९६५) वेगळंच सांगतो. मग सर्चलाइट रद्द झाला का? हो की नाही एवढंच सांगा.

काळा_कोट: नाही. पण शिक्षा आमदाराला झालीय की बाहेरच्याला?

डोंबिवली_फास्ट: १२ आमदारांचा निकाल टाका आणि मोकळे व्हा! २०२१ मधलं वर्षभराचं निलंबन सुप्रीम कोर्टाने उडवलं. आता सभागृहाचा शब्द शेवटचा नाही.

काळा_कोट: तिथे दुखणं वेगळं होतं. निलंबन चालू अधिवेशनापलीकडे गेलं. आमदाराला काढूनच टाकलं असतं तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक झाली असती. इथे मतदारसंघ वर्षभर मुका.

बी_विंग_४०२: आमच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीने माझा माइक काढून घेतला. हक्कभंग लावता येईल का?

काळा_कोट: नाही हो काका. निबंधकाकडे जा.

शेवटची_लोकल: अहो, पत्रकार आहे! लेखाबद्दल त्याला दादरला पकडून हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला नेलं, तीन दिवस ठेवलं, मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच नाही.

डोंबिवली_फास्ट: मग जिंकलात! १९५२ मध्ये होमी मिस्त्रींना असंच मुंबईतून लखनौला नेलं होतं. २४ तासांत मॅजिस्ट्रेट नाही म्हणून कलम २२(२) खाली सुटले.

काळा_कोट: त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. तो निकाल छोटासा आहे, सरकारी बाजूने कबुली दिल्यावर लागलेला. सर्चलाइटनेच म्हटलंय की तो साधकबाधक विचार करून दिलेला निर्णय नव्हे. समोरचा वकील पहिल्यांदा तेच काढेल.

तुम्ही कलम २१ वर, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर लढा. लेखनस्वातंत्र्य विशेषाधिकारापुढे मागे सरतं, हे सर्चलाइटचं म्हणणं केशव सिंगमध्येही बहुमताने बदललं नाही. पण कलम २१ सर्चलाइटमध्येही तपासलं होतं. कारवाई सभागृहाच्या नियमांनुसार होणार असेल तर भंग नाही, एवढंच तिथे ठरलं. केशव सिंगमध्ये सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी नेमका तोच धागा पकडला. म्हणून विचारा: नोटीस दिली का? म्हणणं ऐकलं का? वॉरंटवर कारण आहे का?

डोंबिवली_फास्ट: म्हणजे २२ सोडूनच द्यायचं? मला पटत नाही.

काळा_कोट: सोडू नका, दुसऱ्या नंबरवर ठेवा. आणि केशव सिंग स्वतः सुटला असं लिहू नका. त्याची याचिका शेवटी अलाहाबादला फेटाळली गेली.

शेवटची_लोकल: वॉरंटवर कारण नाहीये. नुसतं ‘अवमानाबद्दल’.

काळा_कोट: हे आधी सांगायचं ना! असं मोघम वॉरंट कोर्टाने तपासायचंच नाही, हाच तर उत्तर प्रदेश विधानसभेचा दावा होता आणि तो सहा विरुद्ध एक असा फेटाळला गेला. पहिला मुद्दा हाच घ्या.

बी_विंग_४०२: निबंधकाचं ऑफिस शनिवारी उघडं असतं का?