शेवटचा आठवडा: धडे सोडून पाथवे जोडत वाचावं का?

निळी_शाई
बायोकेमिस्ट्रीचा पेपर सात दिवसांवर आलाय. कार्बोहायड्रेट, लिपिड, अमिनो अ‍ॅसिड असं क्रमाने एकदा सगळं वाचून झालंय. पण ‘उपाशीपोटी लिव्हरमध्ये काय घडतं’ असा प्रश्न आला की चार धड्यांतले तुकडे चार ठिकाणी पडून राहतात, एकत्र येत नाहीत. म्हणून हा आठवडा धड्यांचा क्रम सोडून पाथवे एकमेकांना जोडत वाचावा असं मनात आहे. दिवस कसे वाटू? की हा वेडेपणा आहे?

शिळा_चहा
वेडेपणाच. शेवटच्या आठवड्यात नवीन पद्धत सुरू करायची नसते. प्रश्नपत्रिका धड्यांप्रमाणेच येते. हेम तयार होण्याच्या पायऱ्या पाच मार्कांना विचारल्या तर तिथे तुझं ‘जोडणं’ काय कामाचं? मी तिन्ही वेळा धड्यांच्या क्रमाने उजळणी केली आणि तिन्ही वेळा निभावलं. जे मार्क हातात आहेत ते आधी पक्के कर.

तिसरा_बाक
शिळा_चहा म्हणतोय ते हेमपुरतं बरोबर आहे. ज्या गोष्टी कशालाच जोडलेल्या नाहीत त्या यादीसारख्याच पाठ कराव्या लागतात. त्यासाठी शेवटचा दिवस पूर्ण ठेव. उरलेले सहा दिवस असे घालव.

पहिल्या दिवशी पुस्तक बंद. कोऱ्या कागदावर फक्त तीन चौक काढ: ग्लुकोज-६-फॉस्फेट, पायरुव्हेट आणि अ‍ॅसिटिल कोए. प्रत्येक चौकातून किती रस्ते फुटतात आणि त्यातला कोणता एकेरी आहे, एवढंच लिहायचं. पायरुव्हेटकडून अ‍ॅसिटिल कोएकडे जाता येतं, परत येता येत नाही, ही एक ओळ डोक्यात बसली की अर्धे प्रश्न सुटतात. मधल्या पायऱ्या आज नकोत.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचं लिव्हर, तिसऱ्या दिवशी तेच लिव्हर उपाशी. कागद तोच ठेव, फक्त शाई बदल. दर वेळी एकच विचार: इन्सुलिन किंवा ग्लुकॅगॉन नेमका कुठला नळ उघडतं किंवा बंद करतं? जेवणानंतर मॅलोनिल कोए वाढतं. ते सीपीटी-१ अडवून धरतं, त्यामुळे नुकतंच बनलेलं फॅट त्याच पेशीत लगेच जळत नाही. उपाशी असताना मॅलोनिल कोए खाली येतं, दार उघडतं, फॅटी अ‍ॅसिड मायटोकॉन्ड्रियात जातात आणि अ‍ॅसिटिल कोए साचतं. हे साचलेलं अ‍ॅसिटिल कोएच पायरुव्हेट डीहायड्रोजिनेजला दाबतं आणि पायरुव्हेट कार्बॉक्सिलेजला चालू करतं. म्हणजे पायरुव्हेट जळायच्या ऐवजी ग्लुकोजकडे वळतं. धड्यांच्या क्रमाने वाचताना ही साखळी तीन ठिकाणी तुटलेली असते.

चौथा दिवस बाकीच्या अवयवांचा. मसलमध्ये ग्लुकोज-६-फॉस्फेटेज नाही, म्हणून तिथलं ग्लायकोजेन रक्ताला मिळत नाही. लाल पेशीला मायटोकॉन्ड्रिया नाही, म्हणून ती लॅक्टेटच देणार. पाचव्या दिवशी नायट्रोजन: अ‍ॅलॅनिन मसलमधून येतं, लिव्हरमध्ये त्याचा सांगाडा ग्लुकोजकडे जातो आणि नायट्रोजन युरियाकडे. सहाव्या दिवशी एकेक एन्झाइम मोडायचं आणि परिणाम त्या कागदावर बोटाने शोधायचा. खरी परीक्षा त्या दिवशी.

रंगीत_पेन
कृपया पोस्टर करू नका. मी गेल्या वर्षी हेच ठरवलं होतं. मोठ्या कागदावर सगळं मेटॅबॉलिझम, सात रंगांत. चार दिवस गेले. दिसायला सुंदर झालं. पेपरात ग्लुकोनिओजेनेसिसच्या चार बायपास एन्झाइमांची नावं लिहायला बसलो तर तीनच आठवली. कुठला रंग कुठे होता ते मात्र आठवत होतं.

तिसरा_बाक
अगदी हीच चूक होते. नकाशा बघून काढला तर ती चित्रकला, आठवून काढला तर अभ्यास. वीस मिनिटांत कोऱ्या कागदावर काढायचा, पुस्तकाशी ताडून चुका दुसऱ्या शाईने लिहायच्या आणि कागद फाडायचा. दुसऱ्या दिवशी परत. नीटनेटका दिसू लागला की समजायचं, वेळ वाया चाललाय.

शांत_बेंझीन
पाथवे म्हणजे सिग्नलिंगचे ना? सायक्लिक एएमपी, प्रोटीन कायनेज वगैरे? आमच्याकडे त्यावर एकच छोटी टीप येते, त्यासाठी आठवडा कशाला?

निळी_शाई
नाही, मेटॅबॉलिझमचे. सायक्लिक एएमपी येईल, पण ग्लुकॅगॉनच्या मागे.

@तिसरा_बाक, सहाव्या दिवसाचं एक उदाहरण करून दाखवाल का? बोटाने शोधायचा म्हणजे नक्की काय?

तिसरा_बाक
फॉन गियर्के घे. ग्लुकोज-६-फॉस्फेटेजच नाही. धड्यात त्याची लक्षणं यादीत असतात: साखर कमी, लॅक्टेट जास्त, युरिक अ‍ॅसिड जास्त, ट्रायग्लिसराइड जास्त, लिव्हर मोठं. यादी पाठ केली तर परीक्षेत एक हमखास गळतं. आता पाठ न करता ती पहिल्या दिवसाच्या कागदावर शोध.

बोट ग्लुकोज-६-फॉस्फेटवर ठेव. ग्लायकोजेन तुटून इथेच येतं, ग्लुकोनिओजेनेसिसही इथेच येऊन थांबतं. बाहेरचं दार दोघांना एकच आणि ते बंद. म्हणून हे मूल रात्रभर सोड, जेवणानंतर तीन-चार तासांतच गळून पडतं. निरोगी प्रौढाच्या लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, ते एक रात्र सहज काढतं. इथे साठा भरपूर आहे, फक्त वापरता येत नाही. म्हणून लिव्हर मोठं.

दार बंद, पण ग्लुकोज-६-फॉस्फेट साचतच जातं. मग ते उरलेल्या रस्त्यांनी पळतं. एक रस्ता ग्लायकोलिसिसचा: पायरुव्हेट आणि तिथून लॅक्टेट. दुसरा एचएमपी शंटचा: रायबोज-५-फॉस्फेट, पीआरपीपी, प्युरीन आणि शेवटी युरिक अ‍ॅसिड. शिवाय फॉस्फेट अडकून पडल्यामुळे एएमपी तुटायला लागतं, तेही युरिक अ‍ॅसिडकडे. आणि लॅक्टेट किडनीत युरेटला बाहेर पडू देत नाही. पाथवेतला रस्ता लिहून मुलं थांबतात, हे शेवटचं वाक्य बहुतेकांचं राहतं.

ट्रायग्लिसराइड का वाढतं ते तू शोध. इशारा: साखर कमी म्हणजे इन्सुलिन कमी, मग अ‍ॅडिपोज काय करेल?

घाईघाई
सोप्पं. इन्सुलिन कमी, अ‍ॅडिपोजमधून फॅटी अ‍ॅसिड सुटतात, लिव्हरमध्ये जाऊन ट्रायग्लिसराइड होतात आणि व्हीएलडीएलमधून बाहेर येतात. आणि अर्थात कीटोनही भरपूर वाढणार, कारण उपास म्हणजे कीटोन.

तिसरा_बाक
पहिलं वाक्य पैकीच्या पैकी. दुसऱ्यात घसरलास. कीटोन होण्यासाठी फॅटी अ‍ॅसिड मायटोकॉन्ड्रियात जायला हवेत, आणि त्या दारावर मॅलोनिल कोए उभं आहे. इथे ग्लायकोलिसिसला ढकललेलं एवढं अ‍ॅसिटिल कोए येतं की मॅलोनिल कोए उपाशी अवस्थेत असायला हवं तेवढं खाली येत नाही. म्हणून एवढी साखर पडूनही कीटोन अपेक्षेपेक्षा कमी. अगदी शून्य नाही, कारण ग्लुकॅगॉन उलट बाजूने ओढत असतं.

‘उपास म्हणजे कीटोन’ हा नियम ज्यांचं लिव्हर उपाशी आहे त्यांना लागू. या मुलाचं रक्त उपाशी आहे, लिव्हर नाही.

घाईघाई
म्हणजे फॉस्फोरिलेजच बिघडलं असेल तर उलट?

तिसरा_बाक
हो. लिव्हरचं फॉस्फोरिलेज नसेल, म्हणजे हर्सचा आजार, तर ग्लायकोजेन तुटतच नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेट साचत नाही, ग्लुकोनिओजेनेसिस शाबूत. म्हणून आजार सौम्य, लॅक्टेट साधारण नॉर्मल आणि कीटोन वाढतात. दोन्हींत लिव्हर मोठं, दोन्हींत साखर कमी, पण लॅक्टेट आणि कीटोन उलट. प्रश्नात ग्लुकॅगॉन टोचल्यावर ‘साखर जवळपास जागच्या जागी, लॅक्टेट मात्र वाढलं’ असं दिलं असेल तर तो फॉन गियर्के.

शिळा_चहा
हे छान आहे, नाकारत नाही. पण हिशेब करा. हे एक उदाहरण समजायला मला इथे अर्धा तास लागला. सहाव्या दिवशी अशी दहा करायची आणि सातव्या दिवशी हेम, व्हिटॅमिन, एन्झाइम कायनेटिक्स, डीएनए रेप्लिकेशन, सगळं? एका दिवसात? ज्याचे धडे खरंच पक्के आहेत त्यालाच हे परवडेल. निळी_शाई ‘एकदा वाचून झालंय’ म्हणते. एकदा!

तिसरा_बाक
हे मान्य. रेप्लिकेशन पाथवेच्या कागदावर कुठेच बसत नाही, ते सातव्या दिवसावर ढकलणं ही माझी चूक. ते रोज संध्याकाळी तासभर घे, दिवसाला एकच विषय. मग सातव्या दिवशी फक्त यादीच उरेल. आणि सहाव्या दिवशी दहा नकोत, चारच: फॉन गियर्के, हर्स, मॅकॅड, युरिया सायकलमधलं ओटीसी. मॅकॅडमध्ये मध्यम लांबीचे फॅटी अ‍ॅसिड तुटत नाहीत, म्हणून तिथेही साखर कमी आणि कीटोन कमी, पण कारण अगदी वेगळं. फॉन गियर्केच्या शेजारी ठेवून बघ.

शिळा_चहा
मी तरी पाचवा दिवस कापून धड्यांना देईन. नायट्रोजनला पूर्ण दिवस कशाला?

तिसरा_बाक
कारण उपाशीपोटी ग्लुकोज बनवायला कार्बन येतो कुठून, हे त्याच दिवशी कळतं. सम कार्बनच्या फॅटी अ‍ॅसिडमधून निव्वळ ग्लुकोज बनत नाही. तो दिवस कापलास तर तिसऱ्या दिवसाचा कागद अर्धाच राहील.

रंगीत_पेन
ग्लिसरॉलमधून बनतं पण. फॅट तुटल्यावर तेही सुटतंच की.

तिसरा_बाक
बनतं, म्हणूनच ‘सम कार्बनच्या फॅटी अ‍ॅसिडमधून’ असं लिहिलं. ग्लिसरॉलचा वाटा लहान आहे, पण कागदावर बाण काढच.

निळी_शाई
आज पहिला कागद केला. वीस नाही, पस्तीस मिनिटं लागली. ग्लुकोज-६-फॉस्फेटमधून ग्लायकोजेनचा रस्ता काढायलाच विसरले, हसू नका.

एक अडलं. फॉन गियर्केच्या मुलांना फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज टाळायला सांगतात. ते का, हे कागदावर शोधलं: दोन्ही शेवटी ग्लुकोज-६-फॉस्फेटकडेच येतात आणि दार बंद असल्याने लॅक्टेटमध्ये भर. बरोबर ना?

तिसरा_बाक
बरोबर. फक्त फ्रुक्टोजबद्दल एक भर: ते ट्रायोजपर्यंत येतं आणि तिथून खाली ग्लायकोलिसिसमध्ये थेट घसरू शकतं, ग्लुकोज-६-फॉस्फेटपर्यंत चढायची गरजच नाही. फॉस्फोफ्रुक्टोकायनेजचा नळही त्याला लागत नाही. तो बाण वेगळ्या शाईने काढ.

शिळा_चहा
आणि संध्याकाळचा तास? हेमच्या पायऱ्या झाल्या का?

निळी_शाई
अजून नाही.