एकट्या राहणाऱ्या शेजारच्या आजींना दिवाळीत काय आणि कसं द्यावं? अनुभव सांगा

तिसरा_मजला

आमच्या समोरच्या दारात एक आजी राहतात, 79 वय, एकट्याच. मुलगी बंगलोरला. माझा मुलगा लहान होता तेव्हा मला ऑफिसातून यायला सात वाजायचे आणि तो शाळेतून आला की त्यांच्याकडे बसायचा, तीन वर्षं, दूध-पोळी खायला घालायच्या, पाढे घ्यायच्या, एक रुपया घेतला नाही. पैशाचं काढलं की म्हणायच्या "तो असतो म्हणून मी चार वाजता उठते गं".

तर गेल्या वर्षी मी ठरवलं की दिवाळीला त्यांच्यासाठी काहीतरी छान करायचं. पाच कप्प्यांचा मोठा स्टीलचा डबा भरून फराळ नेला आणि वर एक चांगली शाल. त्यांचा चेहरा खुलला असं मला वाटलं पण तिसऱ्या दिवशी तोच डबा बेसन लाडवांनी भरून परत आला. बेसन मंद आचेवर भाजायला पाऊण-एक तास उभं राहावं लागतं, त्यांचा उजवा गुडघा आधीच गेलेला, आठवडाभर त्या खाली उतरू शकल्या नाहीत. वर मुलाला खाऊसाठी म्हणून पाकिटात 501 रुपये. मी विचारलं एवढं कशाला केलंत तर म्हणाल्या "रिकामा डबा कसा परत करू?" शाल अजून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत कपाटात आहे, मी पाहिली.

मला इतकं वाईट वाटलं ना. द्यायचं तर आहेच, न देणं हा उपाय नाही. पण त्यांच्यावर ओझं होऊ नये, अवघडल्यासारखं होऊ नये असं कसं द्यायचं? तुम्ही काय केलंत ते लिहा, नुसतं "मनापासून द्या" असं नको.

जुनी_कढई

मी वीस-बावीस वर्षं घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी लेकी-सुनांनी परगावाहून सांगितलेल्या ऑर्डरी भरपूर असतात, त्यामुळे हे जवळून बघितलंय.

तुमची गाठ डब्यात आहे. स्टीलचा डबा गेला की तो परत द्यावा लागतो आणि परत द्यायचा तर त्यात काहीतरी घालून, निदान चिमूटभर साखर तरी. त्या पिढीची बाई रिकामा डबा देणारच नाही. मोठा डबा म्हणजे मोठी परतफेड. म्हणून परत न करायच्या भांड्यात द्या, पानाचा द्रोण नाहीतर साधा पुठ्ठ्याचा खोका. एका माणसाला चार चकल्या, दोन लाडू, दोन करंज्या आणि दोन मुठी चिवडा पुष्कळ होतात. जास्त दिलं तर तळलेलं पडून खवट होतं आणि टाकताना त्यांनाच अपराध्यासारखं वाटतं.

दुसरं म्हणजे दात. कवळी आहे का ते बघा. माझ्या एका आजींना मी दरवर्षी अनारसे पाठवायचे, त्या गोड बोलून ठेवून घ्यायच्या, चौथ्या वर्षी कळलं की त्यातली खसखस कवळीखाली जाते आणि टोचते म्हणून त्या खातच नव्हत्या. बेसन लाडू टाळूला चिकटतो, रव्याचा बरा पडतो. चिवड्यात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप वगळून नुसता पातळ पोह्यांचा करा. करंजी सुक्या खोबऱ्याची, ओल्या नारळाची दोन दिवसांत खराब होते आणि त्या आठ दिवस पुरवून खातात.

आणि वसुबारसेच्या आसपास द्या. लक्ष्मीपूजनाला चारही घरून ताटं येतात, मग तुमचं त्यातलंच एक होतं.

गोडवा_99

सोप्पं आहे, शुगरफ्री मिठाई द्या. आजकाल सगळ्या वयस्कर लोकांना शुगर असते, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्यामुळे काळजी केल्यासारखं पण दिसतं.

जुनी_कढई

गोडवा, काळजी दिसते हे बरोबर पण तीच अडचण होते. दारात सगळ्यांसमोर शुगरफ्रीचा खोका दिला की तुम्ही त्यांचं आजारपण हातात ठेवलंत. शिवाय त्यात खवा आणि तूप असतंच, आणि साखरेऐवजी जे घालतात त्यातलं काही जास्त खाल्लं की पोट बिघडतं. खारं पण निर्धोक नाही, बीपी असेल तर शेव-चकलीतल्या मिठाचं बघायला लागतं. त्यापेक्षा आधी सहज विचारा, "काकू, गोडाचं पथ्य आहे का हल्ली?" उत्तर हो आलं तर दोनच करंज्या द्या आणि बाकीचं दुसरं.

सचिव_ब_विंग

आमच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी एक चांगला पायंडा पाडला. सर्व ज्येष्ठ नागरिकांना गॅलरीखाली बोलावून शाल, नारळ आणि मिठाईचा बॉक्स दिला, फोटो ग्रुपवर टाकले. बजेट प्रत्येकी 400 ठेवलं होतं. तुम्ही पण कमिटीत विषय मांडा, वर्गणीतून होऊन जाईल.

तिसरा_मजला

सचिवसाहेब, चांगलं केलंत पण माझा प्रश्न एका आजींचा आहे, त्यांच्या-माझ्यातला.

एकटा_जीव_74

मी त्या दुसऱ्या बाजूचा माणूस. वय 74, पत्नी जाऊन चार वर्षं झाली, नाशिकला एकटाच असतो. असाच बोलावून फोटो आमच्याकडेही काढला होता. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मला शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यासमोर एकाने विचारलं "काय काका, मिळाली का शाल?" आणि मला नको झालं. माझ्याकडे सात शाली आहेत. उकाड्यात सात शाली.

मला काय आवडलं ते सांगतो. खालच्या मजल्यावरचा मुलगा आकाशकंदील लावायला आला. स्टुलावर चढायचं मी आता बंद केलंय हे त्याने कधीतरी बघितलं असणार. आला, वायर तपासली, बल्ब बदलला, म्हणाला "काका, भाऊबीज झाल्यावर उतरवायला येतो", आणि आला पण. मी त्याला चहा केला. चहा करणं मला जमतं. तेवढं परत देता आलं म्हणून मला बरं वाटलं. तो "नको काका, कशाला त्रास" म्हणाला असता तर मला उलट वाईट वाटलं असतं. आम्ही दिलेलं घेत जा हो, एवढंच सांगतो.

न्यूजर्सीची_लेक

काका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. माझी आई सांगलीला एकटी असते म्हणून मी या धाग्यावर आले, माझं थोडं वेगळं आहे.

आईकडे एक वही आहे. लग्नातल्या आहेराची वही असते ना तशी. कुणी काय आणलं, किती तारखेला, आणि त्यांना काय दिलं ते लिहिलेलं, ज्याचं द्यायचं राहिलंय त्याच्यापुढे फुली. मी सुट्टीला गेले तेव्हा सापडली. मी इकडून ऑनलाइन मोठाली हॅम्पर पाठवायचे शेजारच्या मावशींना, "आईकडे बघता म्हणून" असं लिहून, आणि मावशी मग आईकडे घेऊन यायच्या आणि आई परत त्यांच्याकडे. फुल्या वाढतच चालल्या होत्या. म्हणजे माझ्या पाठवण्याने दोघींचा हिशोब वाढत होता. आता मी मावशींना फोन करते फक्त, वीस मिनिटं बोलते.

आणि तोंडातून काय निघतं ते पण सांभाळा. "तुम्ही एकट्या आहात म्हणून आणलं" हे एका काकूंनी आईला म्हटलं तर तिने तो लाडू तसाच ठेवला. त्याच काकू पुढच्या वेळी म्हणाल्या "चिवड्यात मीठ कमी पडलंय का बघून सांगा ना", तर आईने दोन दिवस सगळ्यांना त्या चिवड्याचं सांगितलं.

फोंड्याचो_शेजारी

आमच्या गोव्यात हे ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर वर्षानुवर्षं चालत आलंय म्हणून लिहितो. आमच्या वाड्यावर एक आंटी एकट्याच राहतात. नाताळाला त्या दोदोल, नेवऱ्या, कुलकुलं असं ताट पाठवायच्या, आम्ही चवथीला नेवऱ्या-मोदक. दोन वर्षांपूर्वी त्यांचा भाऊ वारला तेव्हा त्यांनी नाताळाला काहीच केलं नाही, दुःख असलं की त्यांच्यात गोड करून वाटत नाहीत. आमच्या आईला भीती की आपण चवथीचं दिलं तर त्यांना परत देता येणार नाही आणि त्या अवघडतील. मग आई स्वतःच ताट न घेता गेली, केळीच्या पानावर पाच मोदक, आणि तिथेच बसून दोघींनी खाल्ले. ताटच नाही तर परतीचा प्रश्नच नाही. गेल्या नाताळाला मात्र त्यांचं ताट आलं, आईने ते घेतलं आणि भरून परत पाठवायची घाई केली नाही, चवथीपर्यंत थांबली.

मीनल_टी

आमच्याकडे उलट आहे ना, ज्यांच्या घरी वर्षभरात कुणी गेलंय त्यांच्याकडे फराळ तळत नाहीत आणि शेजारपाजारचे, नातेवाईक आणून देतात. तिथे आणून देणं हीच रीत आहे, परत काही द्यायचं नसतं. त्यामुळे पहिल्या वर्षी द्यायला अजिबात बिचकू नका. माझ्या सासूबाईंना त्या वर्षी एकीने नुसती पणती आणि वाटीभर तेल आणून दिलं होतं, अजून आठवण काढतात.

पण एक विचारू का, त्या 501 चं काय करायचं? आमच्या आजी पण देतात, पेन्शन तुटपुंजी आहे. परत केले तर रागावतात. मी घेते आणि त्यांच्या गॅसचे पैसे भरते, पण हे लपवून केल्यासारखं वाटतं.

जुनी_कढई

मुलाच्या हातात दिलेले खाऊचे पैसे परत करू नयेत, माझं मत. पण गॅसचं गुपचूप भरणं मला पटत नाही, कळलं तर अपमान वाटेल. जाणकारांनी सांगावं.

एकटा_जीव_74

मला कळलं तर राग येईल. पण भरणारीवर नाही बहुतेक.

तिसरा_मजला

दिवाळी झाली म्हणून लिहिते. वसुबारसेला द्रोणात चार चकल्या, दोन रव्याचे लाडू नेले, शाल वगैरे काही नाही. मुलाला कंदील लावायला पाठवलं. डबा नाही म्हटल्यावर आजी दोन मिनिटं इकडे तिकडे बघत होत्या, मग घरी कुटलेलं थोडं उटणं कागदाच्या पुडीत बांधून दिलं, मी लगेच घेतलं. संध्याकाळी दार वाजवून म्हणाल्या, "चकली मऊ पडलीय. आच मोठी ठेवलीस, आतून कच्ची राहिली. पुढच्या वर्षी तळायला बसशील तेव्हा मला बोलाव, मी खुर्चीत बसून सांगते."

भाऊबीजेला पाकीट आलंच, यावेळी 101. मुलाने घेतलं, नमस्कार केला. ते त्याच्या डब्यात आहेत आणि मीनलसारखंच मलाही कळत नाहीये काय करायचं त्यांचं.