पिग्मी: वर्षभर रोज 100 भरले, व्याज फक्त 568?

मिरजकर_पाटीवाला:
आईची मार्केटात मेथी-कोथिंबिरीची पाटी आहे. पतसंस्थेचे एजंट काका दुपारी येऊन 100 रुपये घेतात, मशीनमधून पावती फाडून देतात. रविवार, सणवार नि आईची आजारपणं सोडून वर्षात 310 दिवस भरले, म्हणजे 31,000. दर 4 टक्के. मी 1,240 व्याज धरून बसलो होतो, हातात आले 31,568. आई म्हणते जाऊ दे, काका चांगले आहेत. पण निम्म्याहून जास्त व्याज गेलं कुठं?

पोपटपंची:
कमिशन! एजंटला शेकडा तीन रुपये तरी मिळतात, ते तुमच्याच व्याजातून जातात.

जुनी_खतावणी:
पोपटराव, 31,000 वर शेकडा तीन म्हणजे 930 होतात. तेवढं कापलं असतं तर व्याज सोडाच, मुद्दलही कमी आलं असतं. कमिशन संस्था देते. म्हणूनच पिग्मीचा दर कमी ठेवतात, एवढं मात्र तुमचं खरं.

मी बरीच वर्षं पिग्मीचं लेजर लिहिलंय. पहिल्या दिवशीचे 100 वर्षभर राहिले, शेवटच्या दिवशीचे एकच दिवस. सरासरी काढली तर सगळे पैसे अर्धं वर्षच संस्थेत होते. म्हणून 1,240 चे निम्मे, 620.

उरले 52. बऱ्याच ठिकाणी रोजच्या शिलकेवर व्याज न धरता महिन्यातल्या सर्वांत कमी शिलकेवर धरतात. मग त्या महिन्यात भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज नाही, पहिला महिना तर कोराच. तसा हिशेब मांडला की साधारण 568 च येतात. तुमच्या संस्थेचा नियम तोच आहे का, ते काउंटरवर विचारा.

रेवती_चहावाली:
माझं वेगळंच झालं. मुलीच्या फीसाठी पाचव्या महिन्यात खातं मोडलं. व्याज शून्य, वर शेकडा तीन कापले. त्यापेक्षा एफडी करा ना, दर जास्त मिळतो.

मिरजकर_पाटीवाला:
ताई, एफडीला एकरकमी पैसे लागतात. आईकडे संध्याकाळी 100 उरले तर रात्रीपर्यंत टिकत नाहीत, म्हणून तर पिग्मी.

जुनी_खतावणी:
रेवतीताईंना कापले ते मात्र कमिशनच. मुदतीआधी मोडलं की संस्था ते खातेदाराकडून वसूल करते. अडचणीला पिग्मीवर कर्ज मिळतं का, ते आधी विचारायचं.

पाटीवाले, व्याजापेक्षा पावत्यांकडे बघा. पावत्यांवरची एकूण शिल्लक महिन्यातून एकदा ऑफिसातल्या खात्याशी ताडून बघायची. एजंटनं घेतले पण भरले नाहीत, हे तिथंच कळतं. आणि पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं 5 लाखांपर्यंतचं विमा संरक्षण नसतं. वर्ष झालं की रक्कम काढून बँकेत एफडी करा, पिग्मी पुन्हा शून्यातून सुरू.

मिरजकर_पाटीवाला:
पावत्या शोधल्या. मार्चच्या बऱ्याचशा कोऱ्या झाल्यात, शाई उडालीय. आता त्या कशा ताडायच्या?