शब्दचर्चा : ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ यांना मराठीत वेगळे शब्द हवेत का?

अर्धविराम :
एका अ‍ॅपच्या मदतपुस्तिकेचे मराठीकरण माझ्याकडे आले आहे. आधीच्या भाषांतरकाराने ‘सिंक’ आणि ‘बॅकअप’ या दोन्हींसाठी ‘सुरक्षित प्रत’ असा एकच शब्द योजला आहे. त्यामुळे पुस्तिकेत एक विचित्र वाक्य तयार झाले आहे : ‘फाइल हटवल्यास तिची सुरक्षित प्रतही सर्व उपकरणांवरून हटवली जाईल.’ जी प्रत मूळ फाइलबरोबर नाहीशी होते, तिला सुरक्षित का म्हणावे, असा प्रश्न वाचकाला पडणारच. या दोन क्रियांमधला फरक नेमका कोणता, आणि तो दाखवणारे शब्द मराठीत आहेत का?

जुना कारकून :
माझ्या मते फरक फार मोठा नाही. दोन्हींमध्ये फाइलची एक प्रत आपल्या यंत्राबाहेर, दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते. शिवाय चुकून पुसलेली फाइल तिथल्या कचरापेटीत तीस दिवस असतेच. तेव्हा ‘सुरक्षित’ हे विशेषण अगदीच चुकीचे नाही. शब्द हवाच असेल तर ‘समक्रमण’ हा शब्द रुळलेला आहे, तो घ्यावा.

सदाफुली :
क्षमस्व, पण मला हा फरक महागात पडला आहे. फोनमधली जागा संपली, म्हणून मी दोन वर्षांच्या टिपणांचा फोल्डर फोनवरून काढून टाकला. सगळे ‘वर’ चढलेले आहे, हे मी आधी नीट पाहून घेतले होते. प्रत्येक फाइलपुढे हिरवी खूण होती. संध्याकाळी संगणक उघडला, तेव्हा तिथेही फोल्डर नव्हता. ही बाब माझ्या लक्षात यायला त्यानंतर दीड महिना लागला असता, तर कचरापेटीही रिकामी झालेली असती. त्या हिरव्या खुणेचा अर्थ ‘जपून ठेवले’ असा नसतो का?

तळटीप :
नसतो. त्या खुणेचा अर्थ ‘दोन्हीकडे सारखे आहे’ एवढाच असतो. सदाफुलींनी फोल्डर पुसल्यानंतरही, काही क्षणांत, सगळीकडे पुन्हा ‘सारखे’ झाले होते. दोन्हीकडे काहीच नव्हते, म्हणजे प्रोग्रामच्या दृष्टीने काम चोख झाले होते.

शब्दाकडे येण्याआधी, पुसणे दुसरीकडे का पोहोचते ते पाहू, कारण यात कोणाचा निष्काळजीपणा नाही, ती गरज आहे. समजा, संगणकावर आणि सर्व्हरवर एकेक यादी आहे. सर्व्हरच्या यादीत ‘अहवाल’ नावाची फाइल आहे आणि संगणकाच्या यादीत ती नाही. याचे दोन अर्थ संभवतात : एक तर ती फाइल दुसऱ्या एखाद्या यंत्रावर नुकतीच तयार होऊन सर्व्हरवर आली आहे आणि संगणकावर अजून उतरायची आहे, किंवा ती आधी संगणकावर होती आणि तिथे कोणीतरी पुसली आहे. नुसत्या या दोन याद्यांकडे कितीही वेळ पाहिले, तरी यांपैकी काय घडले ते कळत नाही.

म्हणून सिंक करणारा प्रोग्राम स्वतःपाशी तिसरी यादी ठेवतो. मागच्या वेळी दोन्हीकडचा मेळ बसला, तेव्हा काय काय होते, याची ती नोंद असते. ‘अहवाल’ त्या तिसऱ्या यादीत असेल, तर ती आता संगणकावरून पुसली गेली असे तो ठरवतो. नसेल, तर ती नवी आहे असे मानून उतरवून घेतो. पुसण्याची दखल न घेणारा प्रोग्राम लिहिता येतो, पण मग आपण सकाळी पुसलेली प्रत्येक फाइल दुपारी सर्व्हरवरून परत येईल आणि फोल्डर कधीच साफ होणार नाही.

अर्धविराम :
म्हणजे फाइल ‘नसणे’ हाही त्याच्या लेखी एक बदलच झाला. मग मी फाइल पुसली नाही, फक्त त्या फोल्डरमधून उचलून पेनड्राइव्हवर नेली, तर?

तळटीप :
तरी तेच होते. प्रोग्रामला फाइल दिसेनाशी झाली, इतकेच कळते; आपला हेतू कळत नाही. एकदम बऱ्याच फाइली नाहीशा झाल्या तर काही सेवा इशारा देतात, पण एकदोन फाइलींसाठी सहसा कोणी विचारत नाही.

यापुढचा भाग सर्व्हरचा. सर्व्हर ‘अहवाल’ची नोंद खोडून टाकत नाही, तर तिच्यावर ‘पुसली’ असा शिक्का मारतो आणि त्या बदलाला क्रमांक देतो, समजा ४१३. लॅपटॉप जेव्हा जोडला जातो, तेव्हा तो विचारतो, ‘माझ्याकडे ४१२पर्यंतचे बदल आहेत, पुढचे सांगा.’ उत्तर येते, ‘४१३ : अहवाल पुसा.’ तो पुसतो. लॅपटॉप महिनाभर बंद असेल, तरी उघडून जोडणी होताच हेच घडते. फाइल बंद यंत्रात ‘वाचलेली’ असते खरी, पण जोडणी होईपर्यंतच.

सदाफुली :
म्हणजे तेव्हा माझा दुसरा लॅपटॉप बंद पडून होता, तो वायफाय बंद ठेवून उघडला असता, तर टिपणे मिळाली असती?

तळटीप :
बहुधा मिळाली असती. लॅपटॉप नेटवर्कला जोडू न देता तो फोल्डर सिंकच्या फोल्डरबाहेर, वेगळ्या जागी कॉपी करायचा आणि मगच जोडणी सुरू करायची. मात्र हल्ली जागा वाचवण्यासाठी बऱ्याच फाइली ‘फक्त ऑनलाइन’ ठेवल्या जातात. नाव आणि चिन्ह यंत्रावर दिसते, आतला मजकूर मात्र सर्व्हरवरच असतो. अशा फाइलीच्या नावापुढे ढगाची आकृती असते. तशी असेल तर बंद लॅपटॉपमध्येही हाती काही लागत नाही.

निळाई :
मला उलटी अडचण आहे. मला फाइल सगळीकडून कायमची घालवायची आहे आणि तरी ती कुठेतरी शिल्लक राहतेच, असे वाटते. त्याला काय म्हणावे?

तळटीप :
तो वेगळा विषय आहे, पण तुमची शंका रास्त आहे. सिंकमधून फाइल गेली आणि कचरापेटीही रिकामी केली, तरी आधी घेतलेला बॅकअप असेल तर त्यात ती राहते. मूळ फाइलचे पुढे काय झाले, याच्याशी बॅकअपला देणेघेणे नसते, आणि म्हणून तर तो घेतात.

अर्धविराम :
इथे मला मराठीतली एक गोष्ट जाणवली. आपण बॅकअप ‘घेतो’. ‘मंगळवारी बॅकअप घेतला’, ‘माझ्याकडे तीन बॅकअप आहेत’ असे सहज म्हणतो. म्हणजे तो एका वेळी केलेला, मोजता येणारा, तारीख असलेला पदार्थ आहे. सिंक मात्र ‘होते’ किंवा ‘चालू असते’. ‘माझ्याकडे तीन सिंक आहेत’ असे कोणी म्हणत नाही. सिंक ही अवस्था आहे, तिच्यातून वेगळी वस्तू निपजत नाही. बोलीने हा भेद आधीच केला आहे आणि तो आपण भाषांतरात बुजवून टाकला.

तळटीप :
हीच कसोटी प्रत्यक्षातही चालते. तुमच्या सोयीला विचारा : ‘मागच्या मंगळवारी ही फाइल जशी होती तशी द्या.’ देता आली, तर तिच्यात बॅकअपचा अंश आहे. आजची अवस्थाच देता येत असेल, तर ती फक्त सिंक आहे. याच कारणाने बाहेरच्या डिस्कवरची प्रतही कधी कधी बॅकअप नसते. पुढची आज्ञा पाहा, ती `mool` या फोल्डरमधल्या फाइली `prat` या फोल्डरमध्ये उतरवते :

```
rsync -a --delete mool/ prat/
```

`--delete` नसेल, तर मूळ फोल्डरमधून पुसलेल्या फाइली प्रतीत राहतात. तो शब्द जोडला, की त्या प्रतीतूनही पुसल्या जातात. डिस्क वेगळी, जागा वेगळी, तरी ही आज्ञा रोज रात्री चालवणाऱ्याच्या हाती कालच्या रात्रीपर्यंतचेच मागे जाणे उरते.

जुना कारकून :
पण कचरापेटीचे काय? गूगल ड्राइव्हमध्ये तीस दिवस, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात तीस आणि कार्यालयीन खात्यात बहुधा ९३. त्या मुदतीत तारीखवार मागे जाता येतेच की. मग मी म्हटले त्यात निम्मे तरी तथ्य आहे.

तळटीप :
निम्मे नक्कीच आहे. मुदतीच्या आत लक्षात आले, तर कचरापेटी वाचवते. दोन मर्यादा मात्र ध्यानात घ्याव्यात. गूगल ड्राइव्हमध्ये पूर्वी कचरापेटी आपण रिकामी करेपर्यंत भरलेली राहत असे. ऑक्टोबर २०२०पासून तीस दिवसांनी ती आपोआप रिकामी होऊ लागली. नियम सेवेच्या हाती आहे. दुसरे म्हणजे, कचरापेटीत जाते ती पुसलेली फाइल. फाइल पुसली नाही, पण तिच्यातला मजकूर चुकून खोडून जतन केला, तर कचरापेटीत काहीच येत नाही आणि खोडलेली आवृत्तीच सर्व यंत्रांवर पोहोचते. तेव्हा आवृत्त्यांचा इतिहास पाहावा लागतो, आणि तोही ठरावीक दिवस किंवा ठरावीक आवृत्त्या इतकाच असतो.

सदाफुली :
छायाचित्रांच्या अ‍ॅपमध्ये तर ‘बॅकअप’ असेच लिहिलेले असते. आणि तिथून पुसले की फोनमधूनही जाते आणि वरूनही.

तळटीप :
शब्दांचा गोंधळ तिथूनच पसरला, असे माझे मत आहे. गूगलने २०१७मध्ये संगणकासाठी जे अ‍ॅप आणले, त्याचे नावच `Backup and Sync` होते. ते २०२१मध्ये बंद होऊन त्याजागी नवे आले, पण जोडशब्द लोकांच्या तोंडी राहिला. फोनची जागा मोकळी करायची असेल, तर गूगल फोटोजमध्ये `Free up space` नावाची वेगळी सोय आहे. ती फोनमधली प्रतच काढते. साधे ‘हटवा’ मात्र दोन्हीकडे लागू होते. आयफोनमध्ये आणखी गंमत आहे. आयक्लाउड फोटोज सुरू असेल, तर आयक्लाउड बॅकअपमध्ये छायाचित्रे धरलीच जात नाहीत, कारण ती आयक्लाउडवर आधीपासून आहेत असे मानले जाते. म्हणजे ‘बॅकअप सुरू आहे’ असे वाचून निश्चिंत झालेल्या माणसाची छायाचित्रे प्रत्यक्षात फक्त सिंकमध्ये असतात.

अर्धविराम :
मग माझा आजचा मसुदा असा : ‘बॅकअप’ तसाच ठेवतो, लोक तो वापरतात आणि तो ‘घेतला’ जातो. ‘सिंक’ हा शब्दही ठेवतो, पण पहिल्या उल्लेखाच्या वाक्यातच ‘सर्व उपकरणांवर सारखेच राहणे’ असे सांगून टाकतो. ‘सुरक्षित प्रत’ दोन्ही ठिकाणांहून काढतो. आणि ते चुकीचे वाक्य असे होईल : ‘ही फाइल येथून हटवल्यास ती सिंक असलेल्या सर्व उपकरणांवरून हटेल.’

जुना कारकून :
‘हटेल’ बरोबर आहे, पण बटणावर नुसते ‘हटवा’ असले, तर तुमचे वाक्य कोण वाचणार? मला तर तिथे दोन बटणे हवीत, ‘येथून काढा’ आणि ‘सगळीकडून पुसा’. आणि ‘सिंक’ऐवजी ‘मेळ’ का नको? हिशेबाचा मेळ आपण घालतोच, आणि तळटीप यांनीही वर तोच शब्द वापरला.

अर्धविराम :
बटणे बदलणे माझ्या हाती नाही, ती अ‍ॅप करणाऱ्यांची आहेत. ‘मेळ’ मला आवडला, परंतु हिशेबाचा मेळ न बसल्यास आपण चूक शोधतो. इथे मेळ न बसल्यास प्रोग्राम एक बाजू बदलून टाकतो. या एका अडचणीवर तोड सुचली तर सांगा.