मदत हवी आहे: पुराची योजना ४ टक्क्यांना पास, १० टक्क्यांना नापास. बरोबर कुठलं धरायचं?

रावपुऱ्याची_रेवा
नमस्कार मंडळी, एमएचं प्रोजेक्ट पुढच्या आठवड्यात द्यायचंय आणि मी पार अडकलीये. विषय बडोद्याच्या विश्वामित्री नदीचा पूर. पात्र रुंद करून पाणी वळवलं तर खर्चाच्या मानाने परवडतं का, एवढंच काढायचंय. आकडे मीच सरावापुरते धरलेत, कुठल्या सरकारी योजनेचे नाहीत. सुरुवातीला १०० कोटी खर्च, मग दरवर्षी गाळ काढायला नि देखभालीला १ कोटी, हिशोब ४० वर्षांचा. फायदा म्हणजे टळलेलं नुकसान: ९० कोटींचं नुकसान करणारा पूर सरासरी १० वर्षांतून एकदा येतो असं धरलं, म्हणून वर्षाला ९ कोटी. देखभाल वजा जाता ८ उरतात. सगळं आजच्या भावाने.

एक्सेलच्या एनपीव्हीत टाकून आजची निव्वळ किंमत काढली तर ४ टक्के डिस्काउंट रेटने अधिक ५६.१ कोटी येतात आणि १० टक्क्यांनी उणे १९.८. सर फक्त "योग्य रेट लाव" म्हणाले नि निघून गेले. १० मी घेतला कारण कर्ज साधारण तेवढ्याला मिळेल असं वाटलं, ४ एका परदेशी रिपोर्टमध्ये पाहिला होता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आईने पिठाचे डबे माळ्यावर चढवले, फ्रिज तेवढा खालीच राहिला, त्यामुळे मला मनातून योजना पास व्हावी असं वाटतंय हेही कबूल करते.

जुना_इंजिनियर
बेटा, एवढा विचार कसला करतेस. आमच्या वेळी १२ टक्के लावायचे, बसलं तर योजना पुढे, नाहीतर फाइल कपाटात. एशियन डेव्हलपमेंट बँकसुद्धा कितीतरी वर्षं १२ च मागायची. आणि तुझा फायदा दरवर्षी ९ कोटी कसा? पूर दहाव्या वर्षी येणार ना, मग ९० कोटी दहाव्या, विसाव्या, तिसाव्या नि चाळिसाव्या वर्षात टाक.

सुनंदा_आत्या
आमच्या सोसायटीत बेसमेंटमध्ये पाणी भरतं म्हणून मोठा पंप बसवायचाय, प्रत्येकी २२ हजार मागतायत. मी ७४ वर्षांची, पंप म्हणे १५ वर्षं चालेल. मी द्यावेत का? आणि हा डिस्काउंट कंत्राटदाराकडून कोण घासाघीस करून घेतो?

रावपुऱ्याची_रेवा
आत्या, तो डिस्काउंट नाही हो 😄 पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना जी कपात करतात ती.

वसुधा_इंदूर
रेवा, रेटवर भांडण्याआधी तीन गोष्टी, त्यातली पहिली तुझ्या शीटमधलीच. तुझं १९.८ बघूनच कळलं की तू १०० कोटीसुद्धा एनपीव्हीच्या कंसात घातलेस. एक्सेल कंसातला पहिला आकडा एका वर्षानंतरचा धरतं, त्यामुळे तुझी अख्खी बेरीज १.१० ने भागली गेलीये. खर्च बाहेर ठेव:

```
=NPV(10%,C3:C42)+C2
```

C2 मध्ये उणे १००. मग १० टक्क्यांना उणे २१.८ येईल आणि ४ ला अधिक ५८.३. निकाल यानं बदलत नाही, पण परीक्षक नेमकं हेच पकडतात.

दुसरी खरी मोठी. तू फायदे आजच्या भावाने धरलेस, म्हणजे महागाई काढून टाकली. पण कर्जाचा १० टक्के रेट महागाईसकट असतो. एकातून महागाई काढायची नि दुसऱ्यात ठेवायची म्हणजे योजनेला दोनदा मार. महागाई ५ टक्के धरलीस तर १.१० भागिले १.०५, म्हणजे खरा रेट ४.८ च्या आसपास. त्या रेटने तुझी हीच योजना ४२ कोटींनी फायद्यात येते! म्हणजे तुझ्या "नापास"मागे तत्त्वज्ञान नव्हतं, भेसळ होती.

तिसरं काकांसाठी. काका, सरासरी १० वर्षांतून एकदा म्हणजे दर वर्षी १० टक्के शक्यता, पूर काही कॅलेंडर बघून येत नाही. तो उद्याच आला तर? तुमच्या पद्धतीने १० टक्क्यांना ८८ कोटींचा फायदा ५५ वर येतो, फक्त पूर उशिरा येणार असं गृहीत धरल्यामुळे. वर्षाला ९ हेच बरोबर. १२ टक्क्यांचं मात्र तुम्ही म्हणता ते खरंय, पण त्या बँकेनेही २०१७ मध्ये ९ केलाय, आणि गरिबांसाठीच्या किंवा पर्यावरणाच्या काही प्रकल्पांना ६ चालतो.

जुना_इंजिनियर
बरं, पूर उद्याही येऊ शकतो, हे मान्य. काळाघोड्याच्या पुलावर २६ फूट ओलांडलं की आमचा जीव टांगणीला लागतो, दहा वर्षांची वाट कोण बघतंय. पण मग ४.८ च का, ब्रिटनसारखा ३.५ का नको? तिथे तर ३० वर्षांपुढे आणखी कमी करतात.

वसुधा_इंदूर
कारण तो रेट त्यांच्या वाढीवर बेतलाय. कर्जाचा रेट बाजूला ठेवून समाजाच्या बाजूने बघितलं तर ढोबळ हिशोब असा की एक भाग निव्वळ अधीरपणाचा, आणि दुसरा भाग म्हणजे पुढची पिढी श्रीमंत असणार म्हणून तिच्या रुपयाला किती कमी वजन द्यायचं, त्या वजनाला दरडोई उत्पन्नाच्या वाढीने गुणायचं. हवामानबदलावरच्या २००६ च्या स्टर्न अहवालात अधीरपणा जवळजवळ शून्य, ०.१, वजन १ आणि वाढ १.३ धरली, आले १.४. अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउसने यावरच हरकत घेतली होती, की लोकांच्या नि बाजाराच्या वागण्यात असा रेट कुठे दिसतो. यातली गंमत बघायची असेल तर शंभर वर्षांनंतरचा १ कोटी घ्या: १.४ ने आज साधारण २५ लाख, १२ ने साधारण १२० रुपये. सयाजीरावांनी आजवा तलाव बांधताना १२ लावलं असतं तर आज बडोदेकर पितायत त्या पाण्याची किंमत हिशोबात शून्यच धरली गेली असती.

आता आपल्याकडे वाढ ४.५ धर, अधीरपणा १. वजन १ घेतलं तर ५.५ येतो, योजना पास. वजन १.५ घेतलं तर ७.७५, आणि तुझी योजना साधारण ७.६ ला पलटी खाते, म्हणजे नापास! म्हणून रिपोर्टात एकच "योग्य" रेट लिहू नकोस, ७.६ हा काठ आधी लिही आणि मग तू त्याच्या कुठल्या बाजूला आहेस ते का, ते सांग. आणि पुराची भीती म्हणून रेट वाढवू नकोस, भीती त्या १० टक्के शक्यतेत आधीच बसलीये.

आत्या, तुमच्या २२ हजारांना हे लागू नाही, तुमचं खरं गणित घर विकताना भाव किती येईल ते आहे.

सुनंदा_आत्या
विकायचं नाहीये गं मला. देऊन टाकते, शेजारणीची स्कूटर दोनदा बुडलीये.

रावपुऱ्याची_रेवा
वसुधाताई, शीट दुरुस्त केली, आकडे तुम्ही म्हणालात तसेच आले 🙏 एक प्रयोग स्वतःहून केला: शहर वाढतंय, घरात वस्तूही वाढतायत, म्हणून टळणारं नुकसान दरवर्षी २ टक्क्यांनी वाढवलं. तर काठ ७.६ वरून ९.७५ ला गेला. म्हणजे ७.७५ लाही पास. पण सरांना दाखवलं तर म्हणाले, योजना झाली की लोक निर्धास्त होऊन नदीला आणखी चिकटून घरं बांधतील, ती वाढ तू फायद्यात मोजतेयस आणि मोठा पूर आला की तेवढंच नुकसान वाढेल त्याचं काय?

वसुधा_इंदूर
सर बरोबर बोलतायत, आणि याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. योजना नसती तरी झाली असती तेवढीच वाढ मोज, बाकीची वगळ. ती वेगळी कशी काढायची तिथे मीही अडकते. जुने पूररेषेचे नकाशे नि घरपट्टीची नोंद मिळाली तर काही जमेल.

जुना_इंजिनियर
नकाशे माझ्या ओळखीत विचारून बघतो. सोमवारी सांगतो.