शेकडा नफा : कशावर, ते न सांगता विचारला तर?

सांखळीची उमेदवार : लिपिक भरतीच्या पेपरात प्रश्न होता : ‘800 रुपयांना घेतलेले काजूगर 1000 रुपयांना विकले, शेकडा नफा किती?’ पर्यायांत 20 पण आहे, 25 पण. नफा कशावर काढायचा ते दिलेलंच नाही. मी 25 केलं. मडगावचा मामा दुकानदार, तो म्हणतो 20. हरकत घेऊ का?

फोंड्याची शिक्षिका : कशाला? 25 बरोबर. गणितात नुसतं ‘शेकडा नफा’ म्हटलं की तो खरेदी किमतीवर. विक्रीवर हवा असेल तर प्रश्नात तसं स्पष्ट लिहितात. 20 हा पर्याय घाईत 200 ला 1000 ने भागणाऱ्यांसाठी मुद्दाम ठेवलेला असतो. दरवर्षी माझी चार-पाच मुलं त्यात सापडतात.

म्हापशातला दुकानदार : बाई, तुमचं पुस्तक बरोबर, पण मामाला मूर्ख ठरवू नका. कंपनीचा माणूस येऊन ‘20 टक्के मार्जिन’ म्हणतो, तेव्हा 100 रुपये छापलेली वस्तू मला 80 ला मिळते. बाजारात याला 25 कोणी म्हणत नाही.

हा फरक मला महागात पडलाय. दुकान टाकलं त्या वर्षी भाडं, पोराचा पगार, वीज, पिशव्या मिळून खर्च विक्रीच्या 18 टक्के येत होता. म्हटलं, 20 टक्के नफा लावू, 2 तरी हातात राहतील. 800 चे काजूगर 960 ला लावले. आता बघा : किलोमागे सुटले 160, आणि 960 चे 18 टक्के म्हणजे 172 रुपये 80 पैसे खर्च. प्रत्येक किलोला 12 रुपये 80 पैसे मीच घालत होतो! डिसेंबरात पर्यटकांची रांग, गल्ला भरलेला, आणि जानेवारीत माल देणाऱ्याचे पैसे द्यायला हात आखडता. खर्च विक्रीवर मोजला आणि नफा खरेदीवर, तिथेच घोळ. आता 800 ला 1.2 ने गुणत नाही, 0.8 ने भागतो. 1000 येतात.

पेडण्याचा पोर : सोपं आहे की. नेहमी 5 वाढवायचे. विक्रीवर 20 तर खरेदीवर 25, विक्रीवर 30 तर खरेदीवर 35.

निवृत्त हिशेबनीस, पणजी : 20 ला जमलं म्हणून सगळीकडे जमेल असं नाही, बाबा. विक्रीवर 30 म्हणजे 100 ची वस्तू 70 ला घेतली. 70 वर 30 सुटले, ते जवळजवळ 43 टक्के होतात. विक्रीवर 50 म्हणजे खरेदीवर थेट 100. अपूर्णांकात धरा : विक्रीचा पाचवा भाग नफा असेल तर तो खरेदीचा चौथा, विक्रीचा तिसरा असेल तर खरेदीचा अर्धा. छेद एकाने उतरतो. आणि कोणी ‘150 टक्के नफा’ म्हटलं तर न विचारताही कळतं, तो खरेदीवरचाच. वस्तू फुकट मिळाली तरी विक्रीवरचा नफा 100 च्या वर जात नाही.

बाईंच्या ‘खरेदीवरच’ला मात्र माझी अर्धीच संमती. छोट्या व्यापाऱ्यांना आयकरात नफा उलाढालीच्या 8 टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर 6 टक्के धरून विवरण भरता येतं. उलाढाल म्हणजे विक्रीच ना?

डिचोलीचा घाऊक : आणि जीएसटी? तो यात धरलाच नाही कोणी. माझ्याकडे मागच्या महिन्यात त्यावरूनच भांडण झालं.

म्हापशातला दुकानदार : तिचा प्रश्न तो नाही हो. पण पुडीवरच्या दरात कर धरलेला असेल तर तो आधी बाजूला काढा, मग नफा मोजा. तो पैसा आपला नव्हेच.

फोंड्याची शिक्षिका : आयकर आणि गल्ला ठेवा बाजूला. परीक्षा शाळेच्या गणिताची आहे, संकेतही शाळेचाच लागणार. आधार लिहिला नाही म्हणून प्रश्न रद्द करायचे तर निम्मा पेपर जाईल.

निवृत्त हिशेबनीस, पणजी : संकेत मान्य. पण दोन्ही उत्तरं पर्यायांत ठेवायची आणि ‘खरेदी किमतीवर’ हे दोन शब्द वाचवायचे, ही काटकसर मला पटत नाही.

सांखळीची उमेदवार : उत्तरसूची लागली. त्यात 25 आहे, माझा गुण मिळाला. पण लगेच पुढचा प्रश्न : ‘20 टक्के नफा घेऊन वस्तू 600 ला विकली, तर खरेदी किंमत?’ मी 500 केलं. सूचीत 480 आहे.

फोंड्याची शिक्षिका : 480 कसं? 480 वर 20 टक्के घातले तर 576 होतात. सूची चुकली आहे, हरकत घे.

म्हापशातला दुकानदार : 600 मधून त्याचेच 20 टक्के काढले की 480. तो प्रश्न काढणारा आमच्यातला दिसतो.

सांखळीची उमेदवार : पण मी 500 साठी हरकत घेतली आणि त्यांनी ‘विक्रीवर’ म्हणून दोन्ही प्रश्न सारखे केले, तर माझे 25 जातील ना?