मदत हवी: स्वतः लिहिलेलं प्रकरण डिटेक्टर ‘एआयचं’ म्हणतोय, परप्लेक्सिटी-बर्स्टिनेस नक्की मोजतात कसं?

मातीपरीक्षक
एमएस्सी अ‍ॅग्रीचा प्रबंध इंग्रजीत लिहितेय. गाइडनी तो एका डिटेक्टरमधून काढला. प्रस्तावना पास झाली, पण ‘साहित्य व पद्धती’ हे प्रकरण जवळजवळ सगळं लाल. रिपोर्टमध्ये ‘परप्लेक्सिटी कमी, बर्स्टिनेस कमी’ एवढंच आहे. ओळ न् ओळ मी लिहिली आहे. मग फक्त हेच प्रकरण का सापडलं?

टंकलेखक_७७
सोपं आहे. बर्स्टिनेस म्हणजे वाक्यांची लांबी. एक लांब, दोन आखूड अशी वाक्यं टाका, हिरवं होईल.

अंदाजपंचे
लांबी हा त्यातला एक भाग झाला. मुळात आधी परप्लेक्सिटी काढतात. डिटेक्टरकडे स्वतःचं एक भाषा-मॉडेल असतं. ते तुमचा मजकूर टोकनागणिक, म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा असा एकेक करून वाचतं आणि दर वेळी बघतं, की पुढे आलेलं टोकन येण्याची शक्यता मी किती धरली होती. समजा चार टोकनांना त्यानं १/२, १/४, १/२, १/४ अशी शक्यता दिली होती. गुणाकार १/६४, त्याचं चौथं मूळ काढून उलटं केलं की साधारण २.८. ही परप्लेक्सिटी. आता शेवटचं टोकन बदलून अनपेक्षित काही लिहिलंत, शक्यता १/२५६, तर तोच आकडा ८ वर जातो. एका शब्दानं!

हाच आकडा प्रत्येक वाक्याचा वेगळा काढला आणि तो वाक्यागणिक किती वरखाली होतो ते पाहिलं, की बर्स्टिनेस. प्रिन्स्टनच्या एडवर्ड टियाननं जानेवारी २०२३ मध्ये जीपीटीझीरो हा डिटेक्टर आणला तो याच दोन आकड्यांवर. माणूस एक वाक्य सरळ लिहितो, पुढच्यात काहीतरी तिरपागडं टाकतो. मॉडेल बहुतेक वेळा एकाच पातळीवर चालतं.

तुमच्या पद्धतीत काय असणार? ‘नमुने ० ते १५ सेंमी खोलीवरून घेतले, सावलीत वाळवले, २ मिमी चाळणीतून गाळले.’ ही वाक्यं देशातल्या अर्ध्या मृदाशास्त्राच्या प्रबंधांत आहेत. ‘२ मिमी’ नंतर ‘चाळणी’च येणार हे कुणीही ओळखेल. सगळी वाक्यं कर्मणी, सगळी तेवढीच ओळखीची. दोन्ही आकडे तळाला जाणारच. त्यात इंग्रजी आपली दुसरी भाषा. स्टॅनफर्डच्या गटानं २०२३ मध्ये टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषिकांनी लिहिलेले ९१ निबंध सात डिटेक्टरांना दिले, तर सरासरी ६१ टक्क्यांहून जास्त निबंध मशीनचे ठरले. गंमत म्हणजे चॅटजीपीटीकडून त्यांची शब्दकळा ‘समृद्ध’ करून घेतल्यावर हे चुकीचे ठपके झपाट्यानं घटले.

शाळामास्तर
आमच्याकडे उलट प्रश्न आहे. मुलांचे मराठी निबंध असेच तपासले. जवळजवळ सगळे मशीनचे निघाले. म्हणजे पोरं सर्रास कॉपी करतात असंच ना?

अंदाजपंचे
सर, आधी आतलं मॉडेल कुठलं आहे ते बघा. जीपीटी-२ सारखं जुनं असेल, तर ते टोकनं बाइटवरून पाडतं. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं: ‘म’ म्हणजे `E0 A4 AE`, ‘ळ’ म्हणजे `E0 A4 B3`. पहिला बाइट कायम `E0`, दुसरा `A4` किंवा `A5`. म्हणजे एका चिन्हाचे तुकडे होतात आणि पहिला तुकडा मॉडेल फुकटात ओळखतं. मराठी न येताच सरासरी खाली येते. इंग्रजीवर बेतलेली मर्यादारेषा तिथे लावली, तर पोरं हकनाक अडकणार.

शाळामास्तर
पण दोघांचे निबंध शब्दशः सारखे होते हो.

अंदाजपंचे
मग त्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल. त्याला डिटेक्टर कशाला लागतो!

मातीपरीक्षक
खूप आभार. पण गाइडना हे कसं पटवू? ते म्हणतात, वाक्यं बदल.

टंकलेखक_७७
तेच म्हणतोय मी. बदला आणि सुटा.

अंदाजपंचे
‘चाळणी’ला दुसरा शब्द शोधून पद्धत संदिग्ध करू नका, परीक्षक तिथे धरतील. विभागातला २०१५च्या आसपासचा प्रबंध घ्या, त्याचंच पद्धती प्रकरण त्याच डिटेक्टरला द्या. तेव्हा चॅटजीपीटी नव्हतं. फक्त तो नेटवर टाकलेला नको. मॉडेलनं शिकताना पाहिलेला मजकूर आपोआप कमी परप्लेक्सिटीचा ठरतो, अमेरिकेची राज्यघटनासुद्धा त्यामुळेच डिटेक्टरांनी मशीनची ठरवली होती. सोबत तुमच्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवा.

मातीपरीक्षक
सीनियरचा छापील प्रबंध टाइप करून दिला. तोही लाल आला. गाइड हसले, पण म्हणाले, समिती आकडाच बघते, कारण बघत नाही. विद्यापीठाकडे लेखी हरकत कुणी घेतली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा?

टंकलेखक_७७
आमच्याकडे संशोधन विभागाकडे जातो. तुमच्याकडे माहीत नाही.